पहिल्या हाफमध्ये वाचवलेली सहा मिनिटं कुठे जातात

प्रश्न: बडोद्यात दांडिया बाजारात राहतो, वय ४१, वजन ६८ किलो. हाफ मॅरेथॉन २ तास ६ मिनिटांत होते. पहिल्या फुलला साडेचार तासांचं टार्गेट होतं. हाफ २:०९ ला काढली, ३० किमीला ३:०४:३० झाले होते आणि मी मजेत होतो. ३१ नंतर पाय संपले. चाललो, परत जोर लावला, परत चाललो, असं करत ४:५२ ला पोहोचलो. वाटेत दोन एनर्जी जेल घेतले, १५ ला आणि २८ ला. पुढच्या वेळी इव्हन स्प्लिट धरू की निगेटिव्ह? आणि तीस किमीनंतर गाडी बिघडलीच तर करायचं काय?

उत्तर:

निगेटिव्ह आखा, म्हणजे दुसरा हाफ पहिल्यापेक्षा कमी वेळात, पण फार नाही, दोन मिनिटांचाच. कागदावर पहिला हाफ २:१६ आणि दुसरा २:१४. प्रत्यक्षात दोन्ही सारखे आले, किंवा दुसरा दोन-तीन मिनिटांनी जास्त आला, तरी रेस चांगली झाली असं समजा. निगेटिव्हचा आराखडा तुमच्या हातात द्यायचं खरं कारण दुसऱ्या हाफमध्ये नाही, पहिल्या पाच किलोमीटरमध्ये आहे. तो तुम्हाला तिथे धरून ठेवतो.

आता तुमच्याच आकड्यांचा हिशोब मांडू. साडेचार तास म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद. त्या वेगाने ३० किमीला ३:१२ व्हायला हवे होते, तुमचे ३:०४:३० झाले. म्हणजे साडेसात मिनिटं जमा. उरलेले १२.१९५ किमी ठरलेल्या वेगाने ७८ मिनिटांत व्हायला हवे होते, तुम्हाला साडेएकशेसात लागली. म्हणजे साडेएकोणतीस मिनिटं खर्च. शेवटच्या बारा किलोमीटरचा सरासरी वेग ८:४९ पडला. पुढे असण्याचा आनंद तीन तास टिकला आणि त्याची किंमत जवळजवळ चौपट मोजावी लागली.

टार्गेट चुकलं होतं का? मला तसं वाटत नाही. पीटर रीगल या अमेरिकन अभियंत्याचं एक जुनं सूत्र आहे, त्यानुसार अंतर दुप्पट झालं की वेळ साधारण २.०८५ पट होते. तुमच्या १२६ मिनिटांचे त्याने ४:२२ ते ४:२३ होतात. आठवड्याला ५०-५५ किमीच्या आत पळणाऱ्यांना हे सूत्र जरा जास्तच उदार पडतं, म्हणून हाफच्या दुपटीत १५ ते २० मिनिटं मिळवायचा ठोकताळा बरा. तो ४:२७ ते ४:३२ सांगतो. साडेचार योग्यच होते. चुकलं ते हे: तुमचा हाफ रेसचा वेग ५:५८ आहे आणि फुलचा पहिला हाफ तुम्ही ६:०७ ने काढलात. म्हणजे जी हाफ जीव तोडून पळता, तिच्यापेक्षा फक्त तीन मिनिटं हळू पळालात, आणि पुढे तेवढंच अंतर बाकी होतं. ‘मजेत होतो’ हे खरंच असणार. फुल मॅरेथॉनमध्ये चुकीचा वेग पंचविसाव्या किलोमीटरपर्यंत बरोबरच वाटतो, हाच तिचा त्रास आहे.

कारण असं. एक किलोमीटर पळायला किलोमागे साधारण एक किलोकॅलरी लागते, म्हणजे ६८ किलोच्या माणसाला पूर्ण अंतराला २,८५० च्या आसपास. यातली काही चरबीतून येते, काही स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या ग्लायकोजनमधून. हा साठा सगळा मिळून २,००० किलोकॅलरीच्या आसपास असतो. हळू पळताना चरबीचा वाटा मोठा असतो; वेग वाढला की ग्लायकोजनचा वाटा वाढतो. त्यामुळे किलोमीटरला पंधरा-सतरा सेकंद जास्त वेगाने पळता तेव्हा एकूण ऊर्जा तितकीच लागते, पण ती चुकीच्या डब्यातून निघते. चरबीच्या डब्याला तळ नाही, दुसऱ्याला आहे. आणि वाचवलेली सहा मिनिटं परत देऊन रिकामा डबा भरत नाही.

दुसरी गोष्ट मांड्यांची. प्रत्येक पावलाला पाय जमिनीवर पडतो तेव्हा मांडीच्या पुढचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावतात. या ताणाने तंतूंना बारीक इजा होते आणि ती हजारो पावलांत साचत जाते. ही इजा जेलने भरून निघत नाही.

मोठ्यांचंही बघा. २०२२ मध्ये बर्लिनला एलियुड किपचोगेने २:०१:०९ चा विश्वविक्रम केला तेव्हा त्याचे हाफ ५९:५१ आणि ६१:१८ होते, म्हणजे पॉझिटिव्ह. पुढच्याच वर्षी शिकागोत केल्विन किप्टमने २:००:३५ केले ते ६०:४८ आणि ५९:४७ मध्ये, म्हणजे निगेटिव्ह. दोघांनी विक्रम केला, तेव्हा निगेटिव्ह हा काही धर्म नाही. पण फरक किती आहे तो पाहा: किपचोगेचा दुसरा हाफ पहिल्यापेक्षा अडीच टक्क्यांहूनही कमी हळू होता. तुमचा २:०९ आणि २:४३, म्हणजे सव्वीस टक्के. ही निवड नव्हती, ही पडझड होती.

पुढच्या वेळचा आराखडा असा ठेवा:

पहिले ३ किमी ६:४० ने. तिसऱ्या पाटीला २० मिनिटं.
तिथून ३२ किमीपर्यंत ६:२४. दहाव्याला १:०४:४८, हाफला २:१५:५०, तिसाव्याला ३:१२:४८, बत्तिसाव्याला ३:२५:३६.
शेवटचे १०.२ किमी ६:१८ ने, अंगात असेल तर. एकूण ४:२९:५०.

हे चार-पाच आकडे कागदाच्या पट्टीवर लिहून वर सेलोटेप लावा आणि मनगटाला गुंडाळा. तिसाव्या किलोमीटरला डोकं सहाचा पाढाही नीट म्हणत नाही, तिथे ६:२४ चा गुणाकार होणार नाही.

पहिले तीन किलोमीटर सगळ्यांत कठीण आहेत, हे ऐकायला विचित्र वाटेल. टेपरमुळे, म्हणजे रेसआधी सराव कमी केल्यामुळे, पाय ताजे असतात, जानेवारीची पहाट गार असते, गर्दी धावत असते, ढोल वाजत असतात. ६:४० हा वेग तिथे चालल्यासारखा वाटतो आणि ओळखीची दहा माणसं पुढे निघून जातात. जाऊ द्या. तिथे १६ सेकंद प्रतिकिलोमीटर मागे राहिल्याने एकूण पाऊण मिनिट जातं, आणि ते शेवटच्या दहात सहा-सहा सेकंदांनी परत येतं. वेग बरोबर आहे का हे तपासायची सोपी रीत म्हणजे बोलणं. पहिल्या दहा किलोमीटरमध्ये शेजारच्याशी पूर्ण वाक्य एका दमात बोलता आलं पाहिजे. ‘अहो, पाण्याचं टेबल डावीकडे आहे की उजवीकडे?’ एवढं विचारताना मध्ये श्वास घ्यावा लागत असेल, तर वेग जास्त आहे, घड्याळ काहीही म्हणो.

घड्याळाबद्दल थोडं सविस्तर, कारण बऱ्याच जणांची गोची इथेच होते. प्रमाणित मार्ग वळणांच्या आतल्या कडेने, शक्य तितक्या जवळच्या रेषेवर मोजलेला असतो, आणि तो कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा धरलेला असतो. आपण गर्दीतून, टेबलाकडे, वळणाच्या बाहेरून पळतो. शिवाय झाडांखाली, उंच इमारतींमध्ये आणि उड्डाणपुलाखाली जीपीएस भरकटतं. त्यामुळे शेवटी घड्याळात ४२.५ ते ४२.७ दिसणं अगदी नेहमीचं. ४२.६ धरलं तर साडेचार तासांसाठी घड्याळावरचा सरासरी वेग ६:२४ नाही, ६:२० हवा. दर किलोमीटरला घड्याळावर ६:२४ पाहून खूश राहिलेला माणूस ४:३२ ते ४:३३ ला पोहोचतो आणि मग मार्ग लांब होता म्हणून आयोजकांना दोष देतो.

उपाय साधा. ऑटो लॅप बंद करा आणि प्रत्येक किलोमीटरच्या पाटीशी लॅपचं बटण हाताने दाबा. स्क्रीनवर दोनच गोष्टी ठेवा, चालू लॅपचा वेळ आणि एकूण वेळ. क्षणाक्षणाचा वेग दाखवणारा आकडा काढूनच टाका. तो ५:५० आणि ७:०० च्या मध्ये नाचतो आणि माणूस त्याच्यामागे नाचतो. एखादी पाटी चुकीच्या जागी लावलेली असते, तेव्हा एक लॅप ५:५५ आणि पुढचा ६:५० येतो. दोन्हींची बेरीज करा आणि पुढे चला. एकूण वेळ मोजायचा तो तुम्ही सुरुवातीची वेळ नोंदवणारी चटई ओलांडल्यापासूनचा, बंदुकीपासूनचा नाही.

हार्टरेट पाहत असाल तर एक सावधगिरी. मनगटावरचा सेन्सर कधीकधी नाडी सोडून पावलांची लय पकडतो. तीही मिनिटाला १६५ ते १७५ असते, त्यामुळे आकडा खराच वाटतो. छातीचा पट्टा असेल तरच त्यावर निर्णय घ्या. आणि खरा हार्टरेटही दुसऱ्या हाफमध्ये त्याच वेगाला हळूहळू वर सरकतो, कारण घामाने रक्ताचं प्रमाण कमी होतं आणि अंग गार ठेवायला रक्त कातडीकडे जातं. दहा-बारा ठोके वाढले म्हणून घाबरू नका. पण ते दहाव्या किलोमीटरलाच वाढले तर घाबरा.

आपल्याकडच्या हवेमुळे निगेटिव्ह स्प्लिटला एक मर्यादा येते, ती मान्य केलेली बरी. बडोद्यात जानेवारीत पहाटे साधारण १२-१३ अंश असतात, पण साडेचार तासांचा धावक शेवटचे दहा किलोमीटर उन्हात पळतो, तेव्हा पारा विशीच्या पुढे गेलेला असतो. तीन तासांत संपवणाऱ्याला हे ऊन लागतच नाही. म्हणून तुमच्यासाठी ‘इव्हन’ हा शब्द वेगापेक्षा श्रमाला लावा. श्रम सारखे ठेवले आणि वेग किलोमीटरला पाच-सात सेकंदांनी उतरला, तर ती चूक नाही. त्या दिवशी ढग नसतील आणि सकाळपासूनच उबदार असेल, तर सुरुवातीपासूनच ६:३० धरा आणि साडेचार विसरा. हा निर्णय सुरुवातीच्या रेषेवर घ्यायचा असतो, पंचविसाव्या किलोमीटरला नाही.

खाण्याचंही बोलावं लागेल, कारण तुमचे दोन जेल हे पडझडीचं दुसरं कारण आहे. एका जेलमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम कार्बोहायड्रेट असतं. दोन जेल म्हणजे पंचेचाळीस ग्रॅम, तेही पावणेपाच तासांत, म्हणजे तासाला दहाही नाही. साधारण शिफारस तासाला ३० ते ६० ग्रॅमची आहे. पहिला जेल चाळीसाव्या मिनिटाला घ्या आणि मग दर पस्तीस मिनिटांनी एक, म्हणजे ४०, ७५, ११०, १४५, १८० आणि २१५ या मिनिटांना. एकूण सहा. भूक किंवा अशक्तपणा जाणवायची वाट पाहायची नाही. पोटातून रक्तात आणि तिथून स्नायूंपर्यंत यायला दहा-पंधरा मिनिटं जातात. जेल पाण्याच्या घोटांबरोबर घ्या, एनर्जी ड्रिंकबरोबर नको, नाहीतर पोटात साखरेचा गोळा बसतो आणि मळमळतं. सहा जेल महाग वाटत असतील तर बी काढलेले खजूर चालतात, पण लाँग रनला तीन-चार वेळा घेऊन पाहिल्याशिवाय नाही. आदल्या संध्याकाळी वरणभात, मुगाची खिचडी, दहीभात. सेव उसळ रेस झाल्यावर. ती कुठे जात नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, माझ्या मते जास्त महत्त्वाचा.

एक किलोमीटर खराब गेला म्हणजे गाडी बिघडली असं नाही. पाण्याचं टेबल, उड्डाणपूल, समोरचा वारा, चुकलेली पाटी, काहीही असू शकतं. लागोपाठ दोन किलोमीटर ठरल्यापेक्षा पंधरा-पंधरा सेकंद हळू आले आणि श्रम मात्र तेवढेच किंवा जास्त वाटले, तर योजना बदलायची वेळ आली. तिसऱ्याची वाट पाहू नका. त्या क्षणी स्वतःला एकच प्रश्न विचारा: आधी काय संपलं, दम, पाय की डोकं?

दम संपला असेल, म्हणजे पायांत जीव आहे पण श्वास वर आला आहे, वाक्य पुरं होत नाही, तर वेग जास्त झाला आहे किंवा ऊन चढलं आहे. ही सगळ्यांत सुधारण्यासारखी अवस्था. दोन किलोमीटर वीस सेकंदांनी हळू व्हा, पुढच्या टेबलाला मानेवर आणि डोक्यावर पाणी ओता, सावलीची बाजू धरा. श्वास खाली आला तर परत ६:३० वर या, ६:१५ वर नाही.

पाय संपले असतील, म्हणजे श्वास शांत आहे, बोलता येतं, पण मांड्या लाकडासारख्या झाल्या आहेत आणि उड्डाणपुलाची उतरण चढणीपेक्षा जास्त दुखते, तर ती तंतूंची इजा आहे. इथे जेलने चमत्कार होणार नाही. पावलं लहान करा, लय तीच ठेवा, ढांगा टाकायच्या सोडा. आणि ठरवून चालायला सुरुवात करा.

डोकं संपलं असेल, म्हणजे उगाच चिडचिड होते, पट्टीवरचा आकडा वाचून कळत नाही, गार वाटतं, पाटी दिसते पण बेरीज होत नाही, तर साखर कमी पडली आहे. एक जेल आणि पाणी घ्या, पाच मिनिटं चाला, मग हळू धावा. दहा-पंधरा मिनिटांत फरक पडतो. गिळवत नसेल तर गोड पेय तोंडात घोळवून थुंकलं तरी मेंदूला थोडी उभारी येते. हे प्रयोगांत दिसलेलं आहे, नुसती समजूत नाही.

तुमच्या बाबतीत, तुमच्या वर्णनावरून, पाय आणि साखर दोन्ही होतं. तिथे केलेली चूक म्हणजे चालून-चालून परत जुन्या वेगावर जाणं. थोडा वेळ जोर, मग नाइलाजाने चालणं, मग परत तेच. या झटक्यांत उरलेलं ग्लायकोजन जातं आणि विश्रांती मिळतच नाही. त्याऐवजी एकतिसाव्याला नाही, तिसाव्यालाच हा सौदा केला असता तर: चार मिनिटं ७:३० ने धावायचं, एक मिनिट भराभर चालायचं, साधारण ११ मिनिटाला किलोमीटर या चालीने. पाच मिनिटांत होतात सुमारे ६२५ मीटर, म्हणजे सरासरी किलोमीटरला ८ मिनिटं. उरलेल्या १२.२ किलोमीटरला ९८ मिनिटांच्या आसपास. ३:०४:३० मध्ये ती मिळवा: ४:४२. ज्या वेगाची तुम्हाला ‘हरलो’ म्हणून लाज वाटली असती, त्या वेगाने दहा मिनिटं वाचली असती.

यात दोन बारकावे आहेत. चालायचा मिनिट घड्याळाने सुरू होतो, वेदनेने नाही. अजून पळवतंय असं वाटत असताना चाललात तरच ते चालणं विश्रांती ठरतं. आणि चालायचं म्हणजे हात हलवत, रस्त्याच्या कडेने, मागच्याला वाट देऊन. फुटपाथवर बसायचं नाही. एकदा बसलं की उठायला जो जोर लागतो त्यातच पोटरीत गोळा येतो. चार-एक झेपत नसेल तर दोन-एक करा. शेवटच्या दोन किलोमीटरला लोक टाळ्या वाजवतात, तिथे हिशोब सोडला तरी हरकत नाही.

वेगळीच पडझड म्हणजे गोळा येणं. पोटरीचा असेल तर थांबा, टाच जमिनीला टेकवून गुडघा सरळ ठेवून पुढे झुका, अर्धा-पाऊण मिनिट. झटके देऊ नका, कुणाला जोरात चोळू देऊ नका. सुटल्यावर शंभर मीटर चाला आणि आधीपेक्षा वीस-तीस सेकंद हळू धावा, नाहीतर तो तिसऱ्या मिनिटाला परत येतो. मीठ कमी पडल्यामुळे गोळा येतो असं आपण धरून चालतो, पण दमलेल्या स्नायूवरचा मज्जातंतूंचा ताबा सुटणं हे त्याचं मोठं कारण मानलं जातं. ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळणाऱ्यांना तो जास्त येतो. परदेशात काकडीच्या लोणच्याचं खारं पाणी पिऊन गोळा लवकर सुटल्याचे प्रयोग झाले आहेत. ते व्हिनेगरचं पाणी आहे, आपल्या कैरीच्या लोणच्याचा तेलकट खार नाही. तो प्यायलात तर गोळा राहील बाजूला आणि पोटाचं निराळंच सुरू होईल.

योजना उलट्या बाजूनेही बिघडते. समजा तिसाव्याला तुम्ही तीन मिनिटं मागे आहात पण अंगात दम आहे. मोह होतो की आता भरून काढू. तीन मिनिटं बारा किलोमीटरमध्ये म्हणजे किलोमीटरला पंधरा सेकंद, म्हणजे ६:०९. हे होत नाही. ६:१८ धरा, एक मिनिट परत मिळेल आणि ४:३२ ला पोहोचाल. आणि हाफलाच सहा मिनिटं पुढे असाल, या वेळेसारखे, तर ती मुद्दाम परत करायला चालत बसू नका. फक्त त्या क्षणापासून ६:३० वर या. नुकसान पूर्ण टळणार नाही, पण एकतिसाव्याऐवजी सदतिसाव्याला येईल, आणि पाच किलोमीटरची पडझड बारा किलोमीटरच्या पडझडीपेक्षा खूप स्वस्त पडते.

हे सगळं रेसच्या दिवशी पहिल्यांदा करता येत नाही. तीन लाँग रन असे आखा: एकूण २८ किमी, पहिले १८ हे ६:५५ ने, शेवटचे १० हे ६:२४ ने, जेलही ठरलेल्या मिनिटांना. शेवटचा असा रन रेसच्या तीन आठवडे आधी. सिंधरोटकडचा सरळ रस्ता पहाटे याला चांगला. कामाटीबागेतल्या फेऱ्या सावलीच्या आहेत, पण वळणं आणि फिरायला आलेली माणसं यांच्यात वेग हाताला लागत नाही. आठवड्यात एकदा सहा-आठ किलोमीटर घड्याळ झाकून ६:२४ ने पळा आणि दर किलोमीटरला आधी अंदाज करा, मग बघा. सुरुवातीला वीस सेकंदांनी चुकाल. पाच सेकंदांच्या आत यायला लागलात की वेग पायात बसला. लाँग रनच्या शेवटच्या दहा किलोमीटरला ६:२४ ओढून-ताणून येत असेल, तर टार्गेट ४:४० करा.

आता थांबायचं कधी, तेवढं सांगतो. छातीत दुखणं किंवा दडपण, एकाच हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशी टोचणारी वेदना जी प्रत्येक पावलाला वाढते, तोल जाणं, उन्हात असंबद्ध बोलणं: यातलं काहीही असेल तर धावणं तिथेच बंद करून स्वयंसेवकाला हाक मारा. उन्हात गोंधळलेला माणूस घामाने ओला असला तरी त्याला उष्माघात असू शकतो. त्याला आधी सावलीत नेऊन अंगावर थंड पाणी ओतायचं आणि वैद्यकीय पथकाला बोलवायचं. चार तासांपुढे पळणाऱ्यांना याच्या उलटा धोकाही असतो, पाणी जास्त होण्याचा. प्रत्येक टेबलाला भीतीपोटी ग्लास रिचवले की रक्तातलं सोडियम उतरतं; बोटं सुजून अंगठी घट्ट होते, डोकं दुखतं, मळमळतं, मग गोंधळ उडतो. अशा माणसाला आणखी पाणी पाजायचं नाही. तहान लागेल तसं, साधारण तासाला अर्धा लिटरच्या आसपास, हे तुमच्या वजनाला आणि वेगाला जानेवारीत पुरतं. दुखणं दाबायला आधी किंवा वाटेत आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊ नका. घामाने पाणी कमी झालेलं असताना त्या मूत्रपिंडांवर येतात. रेसनंतरही पाणी पिऊन, जेवून, लघवी नीट झाल्याशिवाय ती गोळी नकोच.